चार बरोबर शून्य

मठ्ठ माणसाला शिकवणं सोपं असतं. त्याला स्वतःचं मत नसतं, सांगाल ते लिहून घेतो. हुशार माणसाला शिकवावंच लागत नाही. खरा घाम काढतो तो तिसरा, ज्याला बरंच कळतं, पण सगळं आपल्याच रीतीनं कळतं. असा एक माणूस दोन वर्षं दर रविवारी सकाळी माझ्या खामगावच्या खोलीत येऊन बसायचा, आणि तो गेला की मी घटकाभर डोकं धरून बसायचो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. नागपूरहून गणित घेऊन बी.एस्सी. होऊन आलेला, हायस्कुलात वरच्या वर्गांना शिकवणारा, आणि अंगात नको तितका ताठा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं, त्यामुळे विद्यापीठ नागपूरचं आणि पदवी म्हणजे नागपूरकरांनी दिली तर. तो माणूस पिंपळगाव राजाच्या प्राथमिक शाळेतला गुरुजी. वय बेचाळीस. घरचं वावर, दोन बैल, कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी. सकाळी शाळा, दुपारी शेत. पण डोक्यात किडा असा की मॅट्रिक बाहेरून, इंटर बाहेरून, आणि आता बी.ए., तेही गणित घेऊन! मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "गुरुजी, इतिहास घ्यायचा, मराठी घ्यायची. हे गणित कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मले येते ते," तो म्हणाला.

येते! बाकी सगळे विषय निघाले होते आणि गणितात दोनदा आपटला होता. राहिलेला एकच विषय पुन्हा देण्याची सवलत होती, तिच्यावर त्याची सगळी गाडी चालली होती. आणि गाडी साधी नव्हती. पिंपळगावात चौथीच्या पुढचे इंग्रजी वर्ग उघडायचे चालले होते. गावच्या पंचमंडळींनी जागा दिली, बाकं करून ठेवली. अट एकच, वर्गांवर मुख्य माणूस पदवीधर पाहिजे. गुरुजी जूनपर्यंत बी.ए. झाला तर तो, नाहीतर बाहेरचा कोणी आणायचा. अठरा वर्षं गुरुजीनं चौथीपर्यंतची पोरं घडवली होती. चौथी झाली की त्यातली दोनचार खामगावला जात, बाकीची ढोरामागे. त्याला ती पोरं चौथीच्या पुढे न्यायची होती, आणि स्वतः न्यायची होती. "हात धरून आणले म्या, अन् दरवाज्यात दुसऱ्याच्या हाती देऊ?" असं तो म्हणायचा. माझ्याकडचं ते दुसरं वर्ष म्हणजे त्याची शेवटची संधी होती. मंडळींनी तसं बजावलंच होतं.

म्हणून तो पहाटे उठून सायकल हाणत यायचा. येताना पिशवीत वांगी नाहीतर शेंगा. मी नको म्हणायचो, तो कोपऱ्यात ठेवायचा. नको म्हटलेलं त्यानं कधी ऐकलं नाही, हो म्हटलेलं तर त्याहून नाही.

बाकी सगळं कसंबसं मार्गी लागलं होतं. गाडं अडलं ते एका प्रकाराच्या समीकरणावर. आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो, घाबरू नका. एखादी वाकडी रेघ एखाद्या जागी किती चढते, ते डीवाय बाय डीएक्स. ह्या प्रकारात तो चढ एका अपूर्णांकानं दिलेला असतो: वरती एका सरळ रेषेचं पद, खालती दुसऱ्या सरळ रेषेचं. समजा वर एक्स अधिक वाय वजा पाच, आणि खाली एक्स वजा वाय अधिक एक. ते सुटे आकडे, ते वजा पाच आणि अधिक एक, नसते तर काम सोपं होतं. वाय भागिले एक्सला व्ही म्हणायचं, व्ही सगळे एका बाजूला, एक्स दुसऱ्या बाजूला, दोन्हींचं इंटिग्रेशन करून मोकळं व्हायचं. पण सुटे आकडे आडवे येतात. मग युक्ती अशी की त्या दोन रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे आपला आरंभबिंदू न्यायचा. इथे तो छेद एक्स दोन, वाय तीन ह्या जागी. तिथून मोजलेल्या अंतरांना मोठा एक्स, मोठा वाय म्हटलं की सुटे आकडे आपोआप गळतात, वर मोठा एक्स अधिक मोठा वाय, खाली मोठा एक्स वजा मोठा वाय, एवढंच उरतं. ते सोडवायचं. आणि शेवटी, हे शेवटचं फार महत्त्वाचं, मोठ्या एक्सच्या जागी एक्स वजा दोन आणि मोठ्या वायच्या जागी वाय वजा तीन घालून मूळ ठिकाणी परत यायचं.

गुरुजी जायचा. परत यायचा नाही.

सगळं गणित मोत्यासारख्या अक्षरात. छेद काढला बरोबर, नेला बरोबर, व्ही घातला बरोबर, इंटिग्रेशन बरोबर, आणि तिथेच मोठ्या एक्स–वायमध्ये उत्तर लिहून खाली दोन रेघा. परीक्षेत दोन्ही वेळा हेच केलं होतं त्यानं.

"गुरुजी, परत कोण येणार? तुमचा सासरा?"

"आलोच ना मी, मास्तर. हे काय उत्तर."

"हे दोन-तीनवर बसून काढलेलं उत्तर आहे. प्रश्न कुठून विचारला होता?"

तो त्या दोन रेघा पुन्हा ठळक करायचा. एकदा मी त्याला त्याच्याच भाषेत सांगायला गेलो. म्हटलं, शेताच्या कडेचे दोन धुरे आहेत समजा, एकमेकांना मिळतात. तुम्ही मोजणीसाठी त्या मिळणीवर जाऊन उभे राहता, तिथून साखळी टाकता, सोपं जातं. पण नकाशात आकडे भरताना गावाच्या मूळ दगडापासूनचे भरावे लागतात की नाही?

त्याचा चेहरा खुलला. मला वाटलं, पेटलं डोक्यात. तो म्हणाला, "मास्तर, आमच्या घरी वाटणी झाली तवा चुलत्यानं धुऱ्यावरचा दगड हालवला. पंचायत बसली, भांडण झालं, पण दगड राह्यला तिथंच. एकदा दगड हालवला की हालवला. मंग परत काऊन न्यायचा?"

मी कपाळावर हात मारला. "दगड नाही हलवला हो! दगड जागच्या जागी आहे. आपण फक्त तिथं जाऊन उभे राहिलो. काम झालं की घरी यायचं की तिथंच संसार मांडायचा?"

"तुम्ही म्हणता तं घेतो लिहून. पण दगड हालवल्यासारखंच हाय ते."

बोला आता! ह्या एका वाक्यानं माझे चार रविवार खाल्ले. दर वेळी वाद, दर वेळी दगड. मी म्हणायचो मोठा एक्स म्हणजे एक्स वजा दोन. तो लिहायचा एक्स अधिक दोन. का? "आपण दोन पावलं पुढं गेलो ना मास्तर, मंग वजा कायचं?" पुढं गेलात म्हणूनच वजा, कारण तिथून मोजलं तर अंतर दोननं कमीच भरणार! त्याला ते बोलताना पटायचं, लिहिताना नाही. माझा आवाज चढायचा, शेजारच्या बाई भिंतीवर थाप मारायच्या. तो मात्र शांत. तोंडानं चूक कबूल करायची नाही आणि चूक सोडायची नाही, हा त्याचा बाणा.

"तुम्ही माझं एक तरी ऐकता का हो?" मी एकदा वैतागून ओरडलो.

"ऐकून राह्यलो ना मास्तर. पण पटलं पाह्यजे."

पटलं पाहिजे! गणितात! मला माझ्या प्राध्यापकांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं, पाठ केलं, पहिल्या वर्गात पास झालो. पटलं की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

थंडी सरता सरता एकदाचा तो परत यायला लागला. कसा, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका रविवारी म्हणाला, "मास्तर, मी काल जुवारीत उभा राहून पाह्यलं. मिळणीवर जाऊन उभा राह्यलो, मंग बांधावर आलो. तेच झाड, पण मोजमाप दुसरं. झाड थोडी हाललं." मी आठ महिने घसा कोरडा करून जे सांगत होतो ते त्याला ज्वारीनं एका दिवसात सांगितलं. बरं वाटायचं सोडून मला रागच आला. पण त्या दिवसापासून वजा दोनला वजा दोन यायला लागलं, आणि मी देवाचे आभार मानले.

मग राहिला शेवटचा भाग. बरेचदा प्रश्नात एक बिंदू दिलेला असतो. सुटलेल्या उत्तरातून अमुक बिंदूतून जाणारी रेघ काढा म्हणतात. उत्तरात एक स्थिरांक असतो, सी. त्या बिंदूचे आकडे घालायचे, सी निघतो. गुरुजीचा सी कधी भलताच निघायचा, कधी दोन्हीकडे एकच आकडा येऊन सी गायबच व्हायचा, कारण मध्ये कुठेतरी चिन्ह खाल्लेलं असायचं. म्हणून मी त्याला एक नियम घालून दिला. तो नियम मी कुठे वाचला नव्हता. माझा अनुभव तसा होता, एवढंच. माझ्या वहीतल्या सगळ्या उदाहरणांत सी निघत होता.

"गुरुजी, कान उघडे ठेवून ऐका. बिंदू दिला असेल तर सी निघालाच पाहिजे. नाही निघाला तर समजायचं आपण कुठेतरी घाण केली. वाद घालायचा नाही, दगड आणायचा नाही. खोडायचं आणि पहिल्यापासून करायचं. कळलं?"

"हाव."

"पटलं?"

त्यानं नियम वहीत लिहून घेतला. "तुम्ही म्हणता तं बरोबरच असंन," म्हणाला. माझं काळीज थंड झालं. म्हटलं, चला, दोन वर्षांत एवढं तरी कमावलं.

परीक्षा अमरावतीच्या केंद्रावर होती. तो पांढरा सदरा घालून, टोपी धुऊन, खामगावहून गाडीत बसला. मी स्टेशनवर गेलो होतो. कधी नाही ते पाया पडायला वाकला; वयानं सोळा वर्षांनी मोठा माणूस. मी मागे सरलो. "परत या म्हणजे झालं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघेही हसलो.

चौथ्या दिवशी तो परस्पर माझ्या खोलीवरच आला. घामानं भिजलेला, उन्हानं काळवंडलेला, हातात प्रश्नपत्रिकेची घडी. बसला नाही. घडी उलगडून एका प्रश्नावर बोट ठेवलं.

"हे एक बिघडलं, मास्तर."

प्रश्न आमच्याच प्रकाराचा. डीवाय बाय डीएक्स बरोबर, वर एक्स अधिक दोन वाय वजा तीन, खाली दोन एक्स अधिक वाय वजा तीन. तीन, तीन ह्या बिंदूतून जाणारी रेघ काढा. मला हायसं वाटलं. म्हटलं, हा तर आपल्या घरचा प्रश्न! "आणि परत नाही आलात, असंच ना?"

"आलो ना. पण सी नाही निघाला."

"मग?"

"खोडलं. पुन्हा केलं. तेच आलं. पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा केलं, तं तेच. तेही खोडलं. तवर वेळ गेला. मंग पुढचे दोन प्रश्न राह्यले."

माझ्या तोंडून जे निघालं ते आजही आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. "तीनदा तीच चूक? अहो गुरुजी, बैलसुद्धा एका खड्ड्यात तीनदा पडत नाही!"

त्यानं प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. एरवी वाद घातला असता. त्या दिवशी पिशवीसुद्धा आणली नव्हती. माझ्या माठातलं पाणी प्यायला, जाताना माझ्याकडे ठेवलेली सायकल काढली आणि गेला.

तो गेल्यावर मी रागारागानं कागद ओढला. त्याची चूक कुठे झाली ती शोधून पुढच्या रविवारी त्याच्या नाकासमोर धरायची, असा बेत. दोन रेषांचा छेद एक, एक. तिथे गेलो. वर मोठा एक्स अधिक दोन मोठा वाय, खाली दोन मोठा एक्स अधिक मोठा वाय. व्ही घातला. एका बाजूला एक वजा व्ही वर्ग आला, त्यानं भागून व्ही सगळे एकीकडे केले. इंटिग्रेशन केलं, लॉगरिथम आवरले, आणि एक, एकवरून परत आलो. उत्तर आलं: एक्स अधिक वाय वजा दोन बरोबर सी गुणिले, एक्स वजा वाय ह्या सगळ्याचा घन. सुंदर उत्तर. आता त्यात तीन आणि तीन घातले.

डावीकडे चार. उजवीकडे सी गुणिले शून्य.

चार बरोबर शून्य. सी कोणताही घ्या, शून्यानं गुणला की शून्यच. चार कुठून आणायचे? मी पुन्हा केलं. तेच. म्हणजे गुरुजीचं गणित चुकलं नव्हतं. तीनदा बरोबर आलं होतं! मग माझ्या शहाणपणानं लगेच निकाल दिला: प्रश्नच चुकीचा छापलाय. प्राध्यापकांची गफलत, दुसरं काय. असल्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना देतात, काही बिघडत नाही. मी कागद टाकला आणि जेवायला गेलो.

दोन दिवसांनी शाळेत खालच्या वर्गात एक शिक्षक आला नव्हता म्हणून मला पाठवलं. पोरांना भागाकाराचे हिशेब दिले. एकानं पाचला शून्यानं भागून पाच लिहिलं. मी त्याच्यावर खेकसलो, "शून्यानं भागता येत नाही रे! आधी बघावं, ज्यानं भागतोस ते शून्य तर नाही ना." असं म्हटलं, आणि हातातला खडू खाली ठेवला.

एक वजा व्ही वर्ग. त्यानं मी भागलं होतं. शून्य आहे का ते पाहिलं होतं का? गुरुजीलाही मी पाहायला शिकवलं नव्हतं, कारण मलाच कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तर मी पाठ केलं नव्हतं. व्ही एक असेल तर ते शून्यच होतं. व्ही एक म्हणजे वाय आणि एक्स सारखे. मी फळ्याच्या कोपऱ्यात तीन, तीन घालून पाहिलं. वर तीन अधिक सहा वजा तीन, सहा. खाली सहा अधिक तीन वजा तीन, तेही सहा. चढ एक. चार, चार घातले: वर नऊ, खाली नऊ. पुन्हा एक. कुठेही घाला, चढ एकच. छेदाची जागा तेवढी सोडा, तिथे वरखाली दोन्ही शून्य. म्हणजे वाय बरोबर एक्स ही सरळ, साधी रेघ हेच उत्तर. भागाकार करताना ती गळली होती, म्हणून सी नावाच्या दारातून तिला येताच येत नव्हतं. प्रश्न चुकीचा नव्हता. विचारणाऱ्यानं मुद्दाम तिथेच बिंदू ठेवला होता. बघू या, कोण नुसता पाठ करून आलाय.

गुरुजीला फक्त एवढं लिहायचं होतं: सी निघत नाही, कारण हा बिंदू गळलेल्या रेघेवर आहे. निदान खोडायचं नव्हतं. न खोडता पुढे गेला असता तरी बरेच मार्क मिळाले असते, पुढचे दोन प्रश्न सुटले असते. आणि नेहमीसारखा हट्टी राहिला असता तर थांबून म्हणाला असता, तीनदा तेच येतं म्हणजे तेच बरोबर असणार.

मी लगेच पिंपळगावला गेलो असेन असं वाटतं ना? नाही गेलो. म्हटलं, निकाल लागू दे, पास झाला तर सांगायचं कारणच नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. परीक्षा झाली होती, यायचं काही कारण नव्हतं. मला मात्र दर रविवारी सकाळी सायकलची घंटी वाजल्यासारखी वाटायची आणि स्वतःवर चीड यायची.

जूनमध्ये निकाल आला. नापास. थोडक्यात, पण नापास. मंडळींनी यवतमाळकडचा एक तरुण पदवीधर नक्की केला, हे मला खामगावच्या बाजारात पिंपळगावच्याच एका माणसानं सांगितलं. वरून म्हणाला, "आमच्या गुरुजीची झेपच चौथीपर्यंतची." त्या माणसाला थोबाडावं असं वाटलं. थोबाड कोणाचं फोडायला हवं होतं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. गावात शिरताना नवे वर्ग दिसले, चुना मारलेले, दार बंद. त्याच्या पलीकडे जुनी शाळा. गुरुजी ओसरीवर पहिलीच्या पोरांच्या पाट्या तपासत बसला होता. मला पाहून उठला, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. एक शब्द तक्रारीचा नाही. मला तेच सोसेना. मी त्याच्याजवळच्याच एका पाटीवर सगळं लिहून दाखवलं: छेद, परतीचा रस्ता, सी गुणिले शून्य, आणि खाली ती रेघ, वाय बरोबर एक्स. माझाच नियम चुकला, म्हटलं. तुम्ही चुकला नव्हता. तीनही वेळा नाही.

तो पाटीवर वाकला. ओळीवरून बोट फिरवत वर गेला, खाली आला.

"म्हणजे मले येत होतं?"

"हो, गुरुजी."

"परतही आलो होतो बराबर?"

"हो."

"मंग खोडायचं नव्हतं म्हणा."

"नव्हतं."

त्यानं मान हलवली. रागावला नव्हता. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्याच्या पाया पडून मोकळा झालो असतो. वर्गातली पोरं गलका करायला लागली होती. त्यानं पाटी ओल्या फडक्यानं पुसली, ज्या पोराची होती त्याला हाक मारून परत दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"दोन वर्षांत म्या तुमचं एकच ऐकलं होतं, मास्तर."